दुबईचा पगार घरात कसा उतरतो: खातं, वॉलेट की रोख?



पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या एका सभासदाच्या घरातल्या आक्का कचेरीत आल्या. हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर नुसते आकडे लिहिलेले. धाकटा मुलगा दुबईत कामाला आहे. घरचं सोनं गहाण होतं, त्याची मुदत चार दिवसांवर आलेली, म्हणून त्यानं पैसे पाठवले होते.

"हा नंबर दाखवला की पैसे देतात म्हणून पोरगं म्हणालं. दोनदा बेळगावला जाऊन आलो बघा. देईनात की ओ."

पैसे आलेले होते. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर दिसतही होते. पण मुलानं तिकडं आईचं नाव Laxmi असं सांगितलं होतं आणि आक्कांच्या आधारावर Lakshmi आहे. आपल्या भागात हे घरोघरी आहे. शाळेचा दाखला मराठी, रेशनकार्ड कन्नड, आधार भरणारा माणूस तिसराच. एकाच बाईचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं असतं. एरवी कुणाचं काही अडत नाही, पण रोखीनं येणारे पैसे नेमके नावावरच अडतात.

जांबोटी, कणकुंबीकडची बरीच मुलं आखातात आहेत, आणि पैसे कसे पाठवावेत हा प्रश्न कचेरीत वरचेवर येतो. गोव्यात कामाला असलेल्यांचं सोपं आहे, ते फोनवरून पाठवतात आणि मिनिटात येतात. बाहेरच्या देशातून पाठवताना मात्र तिथल्या काउंटरवर किंवा ॲपवर मुलाला विचारतात, की खात्यात टाकू, वॉलेटमध्ये टाकू, की रोख देऊ? मुलगा घाईत काहीतरी सांगतो आणि त्याचा निस्तारा इथं आईबापांना करावा लागतो. म्हणून आक्कांच्याच घरचा हिशोब धरून हे तिन्ही प्रकार सांगतो. त्यांना विचारूनच लिहितोय, नाव मात्र देत नाही.

आधी पैसे येतात कसे ते बघा. दिरहमच्या नोटा काही विमानातून येत नाहीत. दुबईच्या एक्स्चेंजवाल्यानं भारतातल्या एखाद्या बँकेत आधीच रुपये ठेवलेले असतात. मुलगा तिकडं दिरहम भरतो आणि एक्स्चेंजवाला इकडच्या बँकेला कळवतो, की अमक्या खात्यात इतके रुपये टाका. म्हणून मुलाला मिळालेल्या पावतीवर घरी किती रुपये मिळणार ते तिथंच छापलेलं असतं. वेस्टर्न युनियन, मनीग्राम यांच्यासारख्या कंपन्यांच्या मार्फत रोख पाठवलं तर इथला त्यांचा एजंट ते रुपये हातात देतो. त्यालाही रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. दोन्ही रस्ते कायदेशीर आहेत, फरक पडतो तो खर्चात आणि कटकटीत.

खर्चाचं म्हणाल तर तो दोन ठिकाणी असतो आणि लोक एकच बघतात. एक म्हणजे फी. ती बोर्डावर लिहिलेली असते, मुलं तीच तुलना करतात. दुसरा खर्च दरात दडलेला असतो. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, आणि हे गेली कित्येक वर्षं बदललेलं नाही. त्यामुळं खरा दर काढणं सोपं आहे. डॉलरचा त्या दिवशीचा रुपयातला भाव घ्या आणि ३.६७२५ नं भागा. समजा डॉलर ८८ रुपये आहे, तर दिरहम २३ रुपये ९६ पैसे झाला. काउंटरवर २३.८० मिळत असेल तर दर दिरहमला १६ पैसे त्यांनी ठेवले. २३.५० मिळत असेल तर ४६ पैसे ठेवले.

आता समजा मुलाच्या हातात फीसकट १५०० दिरहम आहेत. खात्यात पाठवायला २० दिरहम फी आणि दर २३.८०, तर घरी येतात ३५,२२४ रुपये. रोख पाठवायला फी १५ आणि दर २३.५०, तर घरी येतात ३४,८९७ रुपये. फी पाच दिरहम कमी असूनही सव्वातीनशे रुपये कमी आले. वर आक्का आणि सोबतीला एक माणूस, दोघांचं बेळगावचं येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेला दिवस वेगळाच. हे आकडे आम्ही हिशोबापुरते धरलेत, दर रोज हलतो. पण तिकडं विचारायचा प्रश्न मात्र एकच आहे: "सगळं कापून घरी किती रुपये पडतील?" फी किती, हे विचारू नका.

आता रोखीकडं येऊ, कारण आक्का तिथंच अडकल्या होत्या. मुलगा पैसे भरतो तेव्हा त्याला एक नंबर मिळतो. तो नंबर, पाठवणाऱ्याचं नाव, रक्कम आणि आपलं मूळ ओळखपत्र घेऊन एजंटकडं जायचं. तो आधार तपासतो, फॉर्म भरून घेतो आणि पैसे देतो. खातं लागत नाही, हीच त्यातली सोय. पण ज्याच्या नावावर आले त्यालाच मिळतात. आई आजारी असली तरी बापाला देत नाहीत. आणि नाव जुळलंच पाहिजे.

नाव चुकलं तर इथं कितीही वाद घातला तरी उपयोग नाही, आणि इथल्या एजंटवर रागावूनही उपयोग नाही. दुरुस्ती पाठवणाऱ्यालाच करता येते. आम्ही त्याच संध्याकाळी आक्कांच्या आधारचा फोटो मुलाला पाठवायला लावला. त्यानं पावती घेऊन एक्स्चेंजमध्ये जाऊन आधारावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर नाव करून घेतलं. तिसऱ्या खेपेला पैसे मिळाले आणि सोनं मुदतीच्या आदल्या दिवशी सुटलं. किरकोळ अक्षराची चूक अशी दुरुस्त होते. माणूसच बदलायचा असेल तर बहुतेक वेळा जुना व्यवहार रद्द करून नवा करावा लागतो आणि भरलेली फी परत मिळेलच असं नाही.

रोखीला आणखी बंधनं आहेत. एका वेळी २,५०० डॉलरपर्यंतच पाठवता येतं. एका माणसाला एका कॅलेंडर वर्षात ३० वेळाच घेता येतं. आणि ५०,००० रुपयांच्या वरची रक्कम हातात रोख देत नाहीत, ती चेकनं किंवा खात्यातच येते. शिवाय हा रस्ता घरखर्चासाठी आहे. धंद्याचे पैसे किंवा जागा घ्यायचे पैसे यातून पाठवायला परवानगी नाही. एखाद्या बोटमालकाचा भाऊ तिकडून इंजिनासाठी पैसे पाठवणार असेल तर त्यानं रोखीच्या वाटेला जाऊ नये, बँकेतूनच पाठवावं.

आणि तो नंबर म्हणजे पैशाची किल्लीच आहे. तो नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही. फोन करून कुणी विचारला तर सांगायचा नाही. एका घरात मुलानं नंबर कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता आणि त्या ग्रुपवर कोण कोण आहे हे घरातल्या कुणालाच नीट माहीत नव्हतं. काही झालं नाही ते नशीब.

मग वॉलेटचं काय? आक्कांच्या मुलाच्या खोलीत एक फिलिपिन्सचा आणि दोन बांगलादेशचे आहेत. ते म्हणाले, तू बँक, रोख काय करत बसतोस, वॉलेटमध्ये टाक, आमच्या घरी तसंच जातं. ते खरंच बोलत होते. बांगलादेशात बीकॅश, फिलिपिन्समध्ये जीकॅश आणि तिकडं आफ्रिकेत केनियात एम-पेसा आहे. गावातल्या दुकानात जाऊन फोन दाखवला की वॉलेटमधली रक्कम नोटा होऊन हातात पडते. बँक लांब असलेल्या गावांना त्याचा मोठा आधार झाला.

आपल्याकडं मात्र गाडी दुसऱ्या रुळावर गेली. आपण "फोनपे केलं", "गुगलपे केलं" म्हणतो, पण ते बहुतेक वेळा वॉलेट नसतंच. ते यूपीआय असतं. पैसे एका बँक खात्यातून निघून दुसऱ्या बँक खात्यात जातात, फोन नुसता निरोप पोचवतो. वॉलेट म्हणजे वेगळी पिशवी, त्यातले पैसे त्या कंपनीकडं असतात. दोन्ही एकाच ॲपमध्ये दिसतात म्हणून घोटाळा होतो. ओळखायची खूण साधी आहे: शिल्लक बघताना ॲपनं बँकेचं नाव दाखवून यूपीआय पिन मागितला तर ते खातं आहे. पिन न मागता शिल्लक दिसली तर ते वॉलेट आहे.

भारतात बाहेरून आलेले पैसे वॉलेटमध्ये घेता येतच नाहीत असं नाही. ज्या वॉलेट कंपनीला रोख वाटपाचं एजंटपण मिळालंय तिच्या पूर्ण केवायसी झालेल्या वॉलेटमध्ये एका वेळी ५०,००० पर्यंत घेता येतं. पण पुढं बघा. बँकेचं नसलेल्या अशा वॉलेटमधून नोटा काढायच्या म्हटल्या तर एका वेळी २,००० आणि महिन्याला १०,००० ही मर्यादा आहे. म्हणजे ३५,००० हातात यायला चार महिने लागतील. तोवर सोनं कुणाचं झालं असतं? लवकर पाहिजे असतील तर वॉलेटमधून पुन्हा बँक खात्यातच टाकायचे. मग पहिल्यांदाच खात्यात का नाही? आणि केवायसी अर्धवट असलेलं छोटं वॉलेट असेल तर त्यात १०,००० च्या वर शिल्लकच ठेवता येत नाही, आणि रोख तर काढताच येत नाही.

२०२४ साली रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर बंधनं घातली, तेव्हा १५ मार्चनंतर तिथल्या वॉलेटमध्ये नवीन पैसे भरणं बंद झालं. आधीची शिल्लक वापरता येत होती, पैसे बुडाले नाहीत. पण घरची महिन्याची आवक त्याच पिशवीत येणारी असती तर ती त्या दिवसापासून अडली असती. म्हणून आमचं मत सरळ आहे: आपल्या घरांसाठी आखाताचा पैसा वॉलेटमध्ये घेण्यात सध्या काही फायदा दिसत नाही. मात्र काही एक्स्चेंजच्या ॲपवर यूपीआय आयडीवर पाठवायची सोय असते. ती चालेल, कारण तो पैसा शेवटी खात्यातच उतरतो.

राहिलं खातं. पुढच्या महिन्यापासून खात्यातच पाठवायचं असं ठरलं. आम्ही विचारलं, "आक्का, खातं कुठलं तुमचं?"

"जनधनचं की. फोटो आणि अंगठा घेऊन काढलेलं."

आम्ही कपाळाला हात लावला. जनधनमध्ये दोन जाती आहेत हे फार थोड्यांना माहीत आहे. आधार वगैरे देऊन पूर्ण केवायसीनं उघडलेलं खातं कसल्याही पैशाला चालतं. पण ज्यांच्याकडं तेव्हा कागद नव्हते त्यांची खाती नुसता फोटो आणि सही किंवा अंगठा घेऊन उघडली. त्याला बँकेत छोटं खातं म्हणतात. त्यात वर्षभरात मिळून १ लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही, शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० च्या वर काढता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओळखीची कागदपत्रं देऊन केवायसी पूर्ण होईपर्यंत परदेशातून आलेला पैसा त्यात जमाच करता येत नाही. मुलानं त्या खात्यावर पाठवले असते तर पैसे मध्येच अडकले असते किंवा परत गेले असते, आणि चूक कुणाची हे शोधण्यात महिना गेला असता.

उपाय अवघड नाही. आधार आणि एक फोटो घेऊन बँकेत जायचं, केवायसीचा फॉर्म भरायचा आणि "हे छोटं खातं आहे का, ते साध्या बचत खात्यात करून द्या" असं स्पष्ट सांगायचं. पॅन असलं तर तेही न्यायचं. आक्कांचं काम दोन खेपांत झालं. हे पैसे यायच्या आधी करायचं असतं, नंतर नाही. तसंच ज्या खात्यात दोन वर्षं आपण स्वतः काही भरलं किंवा काढलं नाही, ते बँक निष्क्रिय धरते. तेही आधी जागं करून घ्या.

खाते क्रमांक मुलाला पाठवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. रोखीत नाव चालतं, खात्यात नंबर चालतो. आपल्याकडं खात्यावर पैसे जमा होतात ते खाते क्रमांक बघून, नावाची खात्री होईलच असं धरून चालू नका. एक आकडा चुकला आणि तो दुसऱ्या कुणाचा खरा नंबर निघाला, तर पैसे त्याच्या खात्यात जातील आणि परत मिळवायला त्याची संमती मागत फिरावं लागेल. म्हणून फोनवर तोंडी आकडे सांगू नका. पासबुकाच्या पहिल्या पानाचा स्पष्ट फोटो मुलाला पाठवा.

पण पासबुक जुनं असेल तर फोटोही फसवतो. आपल्या भागात सिंडिकेट बँकेची पासबुकं अजून कपाटात आहेत. ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत गेली आणि SYNB नं सुरू होणारे जुने आयएफएससी २०२१ च्या जुलैपासून बंद झाले. विजया बँक बँक ऑफ बडोद्यात गेली, कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली. कर्नाटक विकास ग्रामीण बँकही १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत मिसळली. यातलं कुठलंही खातं असेल तर शाखेत जाऊन आजचा आयएफएससी पासबुकावर छापून घ्या. हा कोड ११ अक्षरांचा असतो आणि पाचव्या जागी नेहमी शून्य असतो. मुलं तिथं ओ हे अक्षर टाकतात आणि मग "कोड चुकीचा दाखवतंय" म्हणून फोन करतात. पतसंस्थेतलं खातं यासाठी देऊ नका, बँकेतलंच द्या.

खात्यात पाठवलेले पैसे बहुतेक त्याच दिवशी येतात, पुष्कळदा काही मिनिटांत. पावती निघाली आणि दुसऱ्या दिवशीही आले नाहीत, तर मुलाला एक्स्चेंजमधून यूटीआर नंबर काढायला सांगा. आपल्या बँकेत "पैसे आले का?" एवढंच विचारलं तर उत्तर मिळत नाही. यूटीआर, तारीख आणि रक्कम दिली की ते नेमकं शोधून सांगतात, की पैसे परत गेले, थांबलेत की दुसऱ्या खात्यात पडले.

खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर असेल तर एक वेगळी गोष्ट. तो नोकरीसाठी बाहेर गेला की त्याचं इथलं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ करावं लागतं. साठवायचे पैसे असतील तर एनआरई खातं काढावं, त्यावरच्या व्याजाला इथं आयकर नाही. रोख पाठवण्याच्या रस्त्यानं एनआरईमध्ये पैसे टाकता येत नाहीत. आईच्या खात्यात मुलानं पाठवलेल्या पैशावर आईला कर लागत नाही, ते घरातलं देणंघेणं झालं. पण पुढं त्यावर येणारं व्याज आईचं उत्पन्न धरतात.

चौथ्या रस्त्याचंही बोललं पाहिजे, कारण तो दुबईच्या खोल्याखोल्यांत विचारला जातो. कुणीतरी ओळखीचा म्हणतो, माझ्याकडं दिरहम दे, दर जास्त देतो, उद्या तुझ्या घरी माणूस नोटा घेऊन येईल किंवा खात्यात यूपीआय येईल. ही हुंडी. बेकायदेशीर आहे हे एक. दुसरं, अनोळखी खात्यातून आलेले ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे असू शकतात. तसं निघालं तर सायबर पोलीस पैसा जिथून जिथून गेला ती सगळी खाती गोठवतात, त्यात आपलंही येतं, आणि तक्रार कुठल्या तरी लांबच्या राज्यातली असते. चार पैसे दराचे मिळाले म्हणून घरचं सगळं खातं अडकवून घ्यायचं का, ते ज्यानं त्यानं ठरवावं. आणि हुंडीवाल्यानं पैसे दिलेच नाहीत तर तक्रार करायला हातात पावतीही नसते.

मग रोख कधीच घ्यायची नाही का? तसं नाही. खात्याचं काम अडलेलं आहे, घरात कुणी दवाखान्यात आहे आणि आजच्या आज हातात पैसे पाहिजेत, किंवा आईबापांना बँकेची सवयच नाही, अशा वेळी रोखच बरी. फक्त मुलाला आधारचा फोटो आधी पाठवा आणि जायच्या आधी एजंटला फोन करून त्याच्याकडं आज तेवढी रक्कम आहे का विचारा. लहान एजंटकडं दुपारनंतर नोटा संपलेल्या असतात, मग रिकाम्या हातानं बस पकडावी लागते.

आक्कांच्या खात्यात गेल्या महिन्यात पहिल्यांदा पैसे आले. मुलानं सकाळी पाठवले, दुपारी फोनवर मेसेज आला. त्या मेसेज घेऊन कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, "एवढे कमी का ओ?" बघितलं तर मुलानं ॲपवर एक हजार दिरहम पाठवले होते, पाचशे स्वतःच्या पुढच्या महिन्याच्या खर्चाला ठेवले होते. ते त्यानं आईला सांगितलं नव्हतं. तेवढं मात्र त्यांनी त्याला फोन करूनच विचारलं.

ज्यांच्या घरी जुनं पासबुक आहे किंवा जनधनचं खातं कुठल्या जातीचं आहे हे माहीत नाही, त्यांनी आधार आणि पासबुक घेऊन मंगळवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी कचेरीत या. बँकेत काय विचारायचं ते लिहून देऊ.